गॅदरिंगचं भाषण लिहायला बसण्याआधी कार्यक्रमपत्रिका मागवा

"आमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनासाठी भाषण हवं आहे. मराठीत, छान आणि प्रभावी. सुरुवात दमदार पाहिजे. कोणीतरी लिहून द्या प्लीज, लवकर हवंय."

सगळ्यात आधी हे सांगा, की माईकसमोर नक्की कोण उभं राहणार आहे आणि कोणत्या नात्याने. तुम्ही स्वतः बोलणार की मुख्याध्यापकांसाठी मागताय, तुम्ही पाहुणे आहात का पालक प्रतिनिधी, का दहावीतल्या मुलीला निरोपाचं बोलायचंय, यातलं काहीच तुमच्या मेसेजमध्ये नाहीये आणि हे कळल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं, गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं आणि आता लोकांना भाषणं लिहून देते, त्यामुळे सांगते, "भाषण हवंय" म्हणणाऱ्या बहुतेकांना वाटतं की विषय सांगितला की झालं. पण गॅदरिंगच्या भाषणात विषय सगळ्यात शेवटी ठरतो. त्याच्या आधी जागा ठरते, म्हणजे त्या संध्याकाळच्या क्रमात तुम्ही कुठे येता ते.

एका गॅदरिंगला सहा-सात जण तरी बोलतात. कोणी प्रास्ताविक करतं, कोणी वार्षिक अहवाल वाचतं, कोणी पाहुण्यांचा परिचय करून देतं, मग पाहुण्यांचं मनोगत, मग अध्यक्षीय भाषण, शेवटी आभार, आणि मधेच कुठेतरी एखाद्या विद्यार्थ्याचं मनोगत. ही सगळी लोकांच्या तोंडी "भाषणं"च आहेत पण एकाचं काम दुसऱ्याने केलं की घोटाळा होतो. शाळा कधी सुरू झाली, पट किती आहे, स्कॉलरशिपला किती मुलं बसली, हे प्रास्ताविक आणि अहवालात येतं. तेच पाहुण्यांनी परत सांगितलं तर लोक दहा मिनिटांपूर्वी ऐकलेलं पुन्हा ऐकतात. आभारात नावांची यादी हेच भाषण असतं, तिथे विचारबिचार मांडायला जाऊ नये. अध्यक्षीय भाषण तर आधी पूर्ण लिहून ठेवताच येत नाही, कारण आधीचे काय बोलले त्याला धरून दोन गोष्टी बोलायच्या अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते, म्हणून मी ते लिहून देताना मधे दोन ठिकाणी मोकळी जागा सोडते.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्यक्रमपत्रिका. माणसाला दहा प्रश्न विचारले की तो कंटाळतो, पण "पत्रिकेचा फोटो पाठवा" एवढं म्हटलं तर लगेच पाठवतो आणि त्या एका फोटोत निम्मी उत्तरं असतात. कार्यक्रम किती वाजता, तुमच्या आधी कोण, नंतर काय, व्यासपीठावर कोण कोण, बक्षीस समारंभ त्याच दिवशी आहे की वेगळा, सगळं त्यात दिसतं. छापलेली पत्रिका नसेल तर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंकडे वहीत लिहिलेला क्रम असतोच, त्या पानाचा फोटो तर आणखी चांगला कारण तो खरा क्रम असतो. तारीखही बघायची. कार्यक्रम 3 जानेवारीला असेल तर त्या दिवशी सावित्रीबाई फुल्यांची जयंती, म्हणजे तुमच्या आधीचे तीन जण त्यांच्यावर बोलणार हे धरून चाला, आणि 12 जानेवारीला असेल तर जिजाऊ आणि विवेकानंद दोघांची. तुम्ही चौथे असाल तर तेच ऐकायला कोणी तयार नसतं. नाव जरूर घ्या, पण आख्खं भाषण त्यावर उभं करू नका.

आता वेळ. इथे सगळ्यात जास्त गडबड होते कारण वेळ विचारली की शाळेकडून "घ्या हो हवा तेवढा" किंवा "दोन शब्द बोला" असं उत्तर येतं, आणि दोन्ही उत्तरं नम्रपणाची आहेत, वेळेची नाहीत. म्हणून मी "किती मिनिटं?" असं विचारतच नाही. मी विचारते की पहिला डान्स किती वाजता सुरू करायचाय. त्याचं उत्तर शाळेकडे नेमकं असतं कारण साउंडवाला, मेकअपवाल्या ताई, पालक सगळे त्या वेळेवर अडकलेले असतात. आणि दुसऱ्या टोकाला रात्रीचे 10 आहेत, त्यानंतर उघड्या मैदानात लाउडस्पीकर चालवता येत नाही, 2000 सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमात तसं आहे आणि काही ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर शाळांना ते पाळावं लागतं. या दोन वेळांच्या मधून तुमची मिनिटं आपोआप बाहेर पडतात.

एक उदाहरण पूर्ण सांगते म्हणजे कळेल. तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कूलने त्यांच्या माजी विद्यार्थिनीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचा मला मेसेज आला तो जवळपास तुमच्यासारखाच, गॅदरिंगला बोलायचंय, काहीतरी छान लिहून द्या मॅडम. मी पत्रिका मागवली. साडेपाचला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, प्रास्ताविक, अहवाल, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार, बक्षीस वितरण, मग हिचं मनोगत, अध्यक्षीय, आभार आणि मग 18 डान्स. वेळ कुठेच लिहिलेली नाही. तिला म्हटलं शाळेत फोन कर आणि पहिला डान्स कधी ते विचार, तर उत्तर आलं साडेसात. ते बरोबरच होतं कारण एक गाणं साधारण पाच मिनिटांचं आणि पुढचा ग्रुप स्टेजवर येऊन उभा राहीपर्यंत तीन, म्हणजे 18 डान्सना 144 मिनिटं, साडेसातला सुरू केलं तर नऊ चोपन्नला संपतं. रात्रीच्या दहापर्यंत जेमतेम सहा मिनिटं सैल राहतात.

मग उलटं मोजायला घेतलं. साडेपाच लिहिलंय म्हणजे व्यासपीठ भरून सुरुवात व्हायला सहा वाजतात हे धरलं. दीपप्रज्वलन आणि पूजन सात मिनिटं, स्वागतगीत पाच, प्रास्ताविक सात, अहवाल दहा, परिचय आणि शाल-श्रीफळ मिळून पंधरा. बक्षिसं 40 होती, नाव पुकारलं की मुलगा मागून चालत येतो, हातात ट्रॉफी, फोटो, खाली उतरतो, यात अर्धा मिनिट जातोच, म्हणजे वीस मिनिटं. हे सगळं झालं की 7 वाजून 4 मिनिटं. साडेसातपर्यंत राहिली 26 मिनिटं. त्यात अध्यक्षांची दहा आणि आभाराची पाच काढली की उरली 11, आणि आधीच्या कोणीतरी वेळ खाल्लीच तर त्यासाठी पाच बाजूला ठेवली. तिच्या वाट्याला सहा मिनिटं आली. तिच्या डोक्यात वीस मिनिटं होती.

सहा मिनिटं म्हणजे किती लिहायचं? मंडपात, माईकवर, लोकांपर्यंत पोचेल असं बोलायचं तर मराठीत मी मिनिटाला शंभर शब्द धरते. घरात एकटं वाचताना आपण याहून बरंच भरभर वाचतो आणि तिथेच फसगत होते, घरी पाच मिनिटांत झालेलं स्टेजवर सात-आठ मिनिटं चालतं कारण माईकचा आवाज घुमतो, मधे कोणाचं तरी पोर रडतं, एखाद्या वाक्याला टाळ्या पडल्या तर थांबावं लागतं. म्हणून सहा मिनिटांसाठी सहाशेच्या ऐवजी पाचशेच शब्द लिहायचे. हाताने लिहिलेल्या फुलस्केपच्या एका बाजूला दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात, तर अडीच बाजू. हे आकडे माझ्या कामातले आहेत, तुमचा वेग वेगळा असेल, एकदा मोठ्याने उभं राहून वाचा आणि मोबाईलवर वेळ लावा.

वेळ ठरली. पुढचा प्रश्न, समोर कोण बसलेलं असणार? याला लोक "विद्यार्थी आणि पालक" असं उत्तर देतात आणि ते अर्धंच खरं असतं. नीट विचारायचं असतं ते असं, की तुम्ही बोलायला उभे राहाल त्या मिनिटाला मोठी मुलं कुठे असतील. कारण गॅदरिंगच्या दिवशी आठवी-नववीची मुलं त्या वेळी वर्गात मेकअप करत असतात, नऊवारी नेसत असतात, कोणाचा फेटा बांधला जात असतो. पाहुणे "विद्यार्थी मित्रांनो, ध्येय मोठं ठेवा" म्हणून बोलत राहतात आणि ते ज्यांच्यासाठी आहे ती मुलं तिथे नसतातच. समोर सतरंजीवर लहान भावंडं, त्यांच्या मागे आया आणि आज्या, आणि अगदी मागे कंपाउंडला टेकून उभे असलेले वडील. आमच्या नर्सबाईंच्या बाबतीत शाळेने हेच सांगितलं, बक्षीसवाली मुलं आपापलं बक्षीस घेऊन परत ग्रीनरूमच्या वर्गात जाणार होती. म्हणजे ऐकणारा खरा वर्ग म्हणजे मुलींच्या आया. तिथे भाषणाचं तोंडच फिरलं. तिने मनात धरलेलं होतं ते मुलांना अभ्यासाचं महत्त्व, आणि ते त्या संध्याकाळी रिकाम्या जागेला सांगितल्यासारखं झालं असतं.

(प्राथमिक शाळेत हे उलटं असतं बरं का, तिथे पहिली-दुसरीची पोरं मेकअप करून पहिल्या रांगेत बसवलेली असतात आणि तीन मिनिटांच्या वर त्यांना बसवणं अशक्य. आणि इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर भाषेचं आधी विचारा, बरेचदा कार्यक्रम इंग्रजीत आणि समोरचे आजी-आजोबा मराठी, अशा वेळी शाळेला काय चालेल ते त्यांच्याकडूनच ऐका.)

आता कुठे विषय. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारते, या मंडपात असं काय आहे जे फक्त तुम्हालाच माहितीय आणि समोरच्यांना उपयोगी पडेल? शिक्षणाचं महत्त्व सगळ्यांना माहितीय. तिला हा प्रश्न विचारल्यावर आधी ती "माझ्याकडे तसं काही नाही" म्हणाली, हे सगळेच म्हणतात. मग विचारलं, तू नर्सिंगला जायचं म्हणालीस तेव्हा घरचे काय म्हणाले? तर म्हणाली आई नाइट ड्युटीला घाबरत होती, पोरगी रात्रीची कशी जाणार, लोक काय म्हणतील, लग्नाला अडचण येईल. हाच विषय. समोर बसलेल्या निम्म्या आयांच्या मनात आज तेच असणार आणि त्याचं उत्तर देऊ शकेल अशी त्या मंडपात ती एकटीच होती.

सुरुवात दमदार पाहिजे म्हणालात ना, त्याबद्दलही याच उदाहरणात सांगते. तिने स्वतः लिहून आणलेली सुरुवात होती "व्यासपीठावर विराजमान सन्माननीय अध्यक्ष महोदय" आणि पुढे नऊ नावं, पदांसकट. एका नावाला सहा-सात सेकंद लागतात, म्हणजे सहातला एक मिनिट नावांतच गेला, आणि ही नावं सूत्रसंचालकाने, प्रास्ताविकाने आणि सत्काराच्या वेळी अशी तीनदा घेऊन झालेली असतात. पण गावात नावं सरसकट गाळूनही चालत नाही, एखाद्याचं राहिलं तर तो रुसवा शाळेला पुढे वर्षभर सोसावा लागतो. त्यामुळे शाळेलाच विचारायचं, कोणाची नावं घेतलीच पाहिजेत, आणि ती नावं पदासकट लिहून मागवायची. उत्तर दोन-तीनच्या वर जात नाही. इथे अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका एवढी दोन आली, बाकी "व्यासपीठावरील सर्व मान्यवर" यात बसले. त्यानंतर लगेच हे ठेवलं:

"मी याच शाळेची. दहावीपर्यंत याच मैदानात खेळले. आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. काल रात्री माझी नाइट होती, सकाळी आठला सुटले, घरी जाऊन झोपले आणि इथे आले. आज मी त्या नाइट ड्युटीबद्दलच बोलणार आहे, कारण मला नर्सिंगला पाठवताना माझ्या आईला सगळ्यात जास्त भीती तिचीच होती."

यात एकही सुविचार नाही, कवितेची ओळ नाही. मला यातलं दमदार वाटतं ते हे, की पहिल्या अर्ध्या मिनिटात समोरच्या बाईला कळतं की हे तिच्याबद्दल आहे. पुढे अडीच-तीन मिनिटं आईच्या भीतीला एकेक करून उत्तर, रात्री आठला जायचं आणि सकाळी आठला निघायचं त्यामुळे मधल्या रात्री रस्त्यावर यावंच लागत नाही, वॉर्डात एकटी नसते, मावशी असतात, डॉक्टर असतात, गेटवर वॉचमन असतो, आणि पहिल्या महिन्यात आई झोपायचीच नाही हेही. मग एक मिनिटाचा भाग, नर्सिंगला जायचं तर बारावीनंतर काय, जीएनएम हा डिप्लोमा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगची पदवी चार वर्षांची, एवढंच, फी आणि प्रवेशाचे बारकावे मंडपात कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आणि शेवट, "मी कार्यक्रम संपेपर्यंत इथेच बसणार आहे. ज्या आईला काही विचारायचं असेल तिने येऊन विचारा." ज्यांना खरंच पुढचं जाणून घ्यायचंय त्या आया तिच्यापर्यंत येऊ शकतात, बाकीच्यांना डान्स बघता येतात.

तो एक मिनिटाचा कोर्सचा भाग मी मुद्दाम सुटा लिहिला होता, आधीच्या परिच्छेदाला चिकटलेला नाही आणि पुढच्यालाही नाही, कागदावर त्याच्या भोवती पेन्सिलीने चौकट. त्या दिवशी अहवाल लांबला, बक्षिसांना उशीर झाला, तिला उभं केलं तेव्हा सात वाजून वीस झाले होते. तिने चौकट सोडून दिली, चार मिनिटांच्या आत संपवलं आणि कोणाला काही तुटल्यासारखं वाटलं नाही. गॅदरिंगच्या प्रत्येक भाषणात असा एक सुटा तुकडा ठेवाच, आणि तो मधे ठेवा. लोक शेवट कापतात आणि मग भाषण अर्धवट तुटतं, शेवट कायम ठेवून मधलं गाळायचं असतं. वेळ संपत आली हे कसं ओळखायचं तर सूत्रसंचालक खुर्चीवरून उठून तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो, साउंडवाला पुढच्या गाण्याचा अर्धा सेकंद वाजवून बघतो, विंगेतून रंगीत कपडे दिसायला लागतात. यातलं एक दिसलं की चौकट गाळा.

कागदाचं थोडक्यात. स्टेजवर हॅलोजन डोळ्यांवर असतो आणि कागदावर स्वतःचीच सावली पडते, म्हणून अक्षर मोठं, प्रिंट काढत असाल तर 18 च्या पुढचा फॉन्ट, कागदाच्या एकाच बाजूला, पानांना नंबर घालून. माईक स्टँडवर आहे की हातात धरायचा हेही विचारून ठेवा, हातात असेल तर एकाच हाताने पानं उलटावी लागतात तेव्हा पोस्टकार्डाएवढी कार्डं बरी पडतात. मोबाईलवरून वाचू नका, स्क्रीन मधेच बंद होते, आणि कोणाचा तरी फोन येतो.

समजा तुमचा कार्यक्रम उद्याच आहे आणि यातलं काही विचारायला वेळ नाही, किंवा शाळेकडून उत्तरच येत नाही. तर मी असं गृहीत धरून लिहीन: चार मिनिटं, म्हणजे साडेतीनशे शब्द, समोर आया आणि लहान मुलं, तुमच्या आधी बक्षिसं आणि नंतर डान्स. नावं दोन, एक ओळखीचं वाक्य, तुमच्याच आयुष्यातली एक गोष्ट, एक सुटा तुकडा, शेवट. आणि हे गृहीत धरलंय असं भाषणाच्या वर स्पष्ट लिहून देईन, म्हणजे तिथे गेल्यावर चित्र वेगळं दिसलं तर कुठे बदलायचं ते तुम्हाला कळेल. पण हे नाइलाजाचं आहे. असं लिहिलेलं भाषण पडत नाही पण ते कुठल्याही शाळेत चाललं असतं. तुमचं तसं झालंय का ते बघायचं असेल तर तेच भाषण 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला वाचून चालेल का असा विचार करा. चालत असेल तर वरच्या प्रश्नांपैकी एखादा राहिलाय, बहुतेक वेळा "फक्त तुम्हालाच काय माहितीय" हा.

तर आत्ता एवढं पाठवा: पत्रिकेचा किंवा वहीतल्या क्रमाचा फोटो, कोण बोलणार आणि कोणत्या नात्याने, पहिला डान्स किती वाजता, त्या वेळी मोठी मुलं मंडपात असतील का, आणि कोणाची नावं घ्यावीच लागतील. तुम्ही त्या शाळेत शिकलेले असाल किंवा तुमचं मूल तिथे असेल तर तेही सांगा, आणि शाळेबद्दल घरी जेवताना तुम्ही जी गोष्ट सांगता ती जशीच्या तशी टाइप करा, नीटनेटकी करू नका. रात्री उत्तर आलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कच्चं लिहून देते, मग तुम्ही उभं राहून मोठ्याने वाचा आणि किती मिनिटं लागली ते कळवा, कापायचं असेल तर तेव्हा कापू.